‘टाइम फॉर बेड’ला आपण नक्की काय म्हणतो?

वेंगुर्ल्याची_आजी

नमस्कार मंडळी. मी इथे वाचत असते, लिहीत फारशी नाही.

मुलगा आणि सून टोरांटोला असतात. सून आणि नातू मेमध्ये इकडे आलेत, गणपती करूनच जातील. नातू सव्वादोन वर्षांचा आहे. सून इथूनच ऑफिसचं काम करते. तिकडे सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे आठ. म्हणजे पोराच्या झोपेला आणि तिच्या मिटिंगला एकच मुहूर्त. त्यामुळे झोपवायचं खातं माझ्याकडे आलंय.

पोराला मराठी कळतं, पण झोपायची भाषा त्याची इंग्रजी. सुनेने फ्रिजवर एक कागद लावलाय, तिकडे ती काय काय म्हणते त्याचा. आमच्या चिरंजीवांनी फोनवरून त्याचं मराठी करून पाठवलं. ते असं:

टाइम फॉर बेड – झोपण्याची वेळ झाली
गुड बॉय – चांगला मुलगा
जेंटल हँड्स – सौम्य हात
ऑल डन – सर्व झाले

मी पहिल्याच रात्री त्याच्यासमोर बसून ‘झोपण्याची वेळ झाली’ म्हटलं, तर तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मी आता पुढच्या गाडीचा फलाट क्रमांक सांगणार आहे. ‘सौम्य हात’ म्हणायला तर माझी जीभच वळेना.

माझी दोन पोरं वाढली तेव्हा असा विचार करावा लागला नाही, तोंडातून येईल ते बोललो. आता मात्र अडखळायला होतं. जोजो म्हणू, गाई गाई म्हणू, की आमच्या मालवणीत सरळ ‘निज रे बाबल्या’ म्हणू? सुनेची अट एकच आहे, दरडावायचं नाही आणि बागुलबुवा आणायचा नाही. तिचं म्हणणं मला पटतं. तुम्ही लोक घरी काय म्हणता ते सांगा.

पावसाळी_बेडूक

आजी, अंगाई हवी असेल तर यूट्यूबवर ढिगाने आहेत. आम्ही छोटा ब्लूटूथ स्पीकर लावतो, दोन तास चालतो. आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, तरी अजून मोबाइल हातात असल्याशिवाय झोपत नाही. त्याच्यावर काही उपाय असेल तर मलाही सांगा.

वेंगुर्ल्याची_आजी

अंगाई नको हो, गाणी मला येतात. बोलायचं काय ते विचारतेय.

शुद्धलेखक

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. जोजो, मंमं, भुर्र, बाऊ हे सगळं बंद करा. मुलाला जो शब्द पुढे वापरायचा आहे तोच पहिल्यापासून शिकवा. झोपेला झोप म्हणा, जेवणाला जेवण. आधी मंमं शिकवायचं आणि मग ते पुसून जेवण शिकवायचं हा दुप्पट खटाटोप कशाला? माझ्या भावाची मुलगी चार वर्षांची होईपर्यंत ‘मंमं दे’च्या पुढे गेली नाही. घरातल्या सगळ्यांनी लाडाने बोबडं बोलून ठेवलं, त्याचा हा परिणाम.

राजापूरची_गंगा

‘चांगला मुलगा’ वाचून चहा सांडला. मुलगा चांगला आहे, पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे, आईवडील गावी असतात, पत्रिका पाठवू का? हे आपण स्थळ सांगताना म्हणतो. दोन वर्षांच्या पोराला कोण म्हणतं!

आणि खरं सांगायचं तर ‘गुड बॉय’ हे आमच्या घरात फक्त टॉमीला म्हणतात. कोकणातल्या कुत्र्यांना इंग्रजी का कळतं हे एक कोडंच आहे.

वाणी_चिपळूण

आजी, मी लहान मुलांच्या बोलण्यावर काम करते (वाचा-उपचार), त्यामुळे या धाग्यावर गप्प बसवत नाही.

आधी शुद्धलेखकांचं. ते एका बाबतीत बरोबर आहेत, पण दोन वेगळ्या गोष्टी त्यांनी एकत्र केल्या आहेत. ‘मंमं’, ‘जोजो’, ‘भुर्र’, ‘हम्मा’ हे बोबडे शब्द नाहीत. ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले पुरे शब्द आहेत, फक्त त्यांची बांधणी बाळाच्या तोंडाला झेपेल अशी आहे. ओठ मिटून येणारे म, ब, प किंवा तेच अक्षर दोनदा. हे बहुतेक भाषांत असतं. चार्ल्स फर्ग्युसन नावाच्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९६४ साली सहा भाषांतली बाळबोली शेजारी ठेवून पाहिली, त्या सहांत मराठी होती. त्याच वर्षी आपल्या अशोक केळकरांनी मराठी बाळबोलीवर स्वतंत्र लेखही लिहिला. तेव्हा हा शब्दसंग्रह अभ्यासकांच्या लेखी मोडकंतोडकं मराठी नाही. मुलं हे शब्द पुसायला लावत नाहीत, आपले आपण टाकतात. तुमच्या ओळखीत कोणी विशीतला माणूस ‘मंमं झालं का’ विचारतो का?

दुसरी गोष्ट म्हणजे मोठ्या माणसाने मुद्दाम ‘माजा छोना, छोप ले आता’ असं बोलणं. याचा उपयोग नाही, आणि मुलांना ते आवडतही नाही. माझ्याकडे येणारा एक मुलगा गाडीला ‘दाली’ म्हणायचा. त्याच्या काकांनी कौतुकाने ‘दाली हवी का?’ विचारलं, तर तो चिडून म्हणाला, ‘दाली नाई! दाली!’ त्याच्या कानाला ‘गाडी’ नीट ऐकू येत होतं, जीभ तेवढी वळत नव्हती. हे १९६० साली बर्को आणि ब्राउन यांनी एका इंग्रजी बोलणाऱ्या मुलाबाबत नोंदवून ठेवलंय. तो माशाला ‘फिस’ म्हणायचा, पण मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलं की नाकारायचा. म्हणून शब्द सोपा असू द्या, उच्चार तुमचा स्वच्छ असू द्या.

आणि शुद्धलेखक, भावाची मुलगी चौथ्या वर्षी तेवढंच बोलत असेल तर दोष मंमंला देऊन थांबू नका. कानांची तपासणी झाली होती का? दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणं यायला हवं, ‘मंमं दे’ तिथलंच आहे. त्या वयात एवढंच राहिलं तर कारण शोधावं लागतं.

आता आजींचा मुद्दा. दोन वर्षांच्या मुलाला ‘वेळ’ नावाची गोष्टच कळत नाही. आठ वाजले, पाच मिनिटं राहिली, उशीर झाला, हे सगळं आपलं. त्याला कळतं ते ‘हे झालं की ते’. इंग्रजीत ‘टाइम फॉर बेड’ चालतं, कारण ते रोज त्याच सुरात, दात घासल्यावर येतं. मूल ‘टाइम’ ऐकत नाही, तो सूर आणि ती जागा ओळखतं. म्हणून त्याचं भाषांतर करायला जाऊ नका, ती जागा धरा. नुकतं काय झालं ते सांगा आणि लगेच पुढचं सांगा. ‘दात झाले. आता दिवा बंद. मग जोजो.’ पुढचं उद्या लिहिते, पेशंट आलाय.

शुद्धलेखक

तपासणीचं विचारतो. माहिती नाही. बाकी माझं मत कायम आहे.

रापणकर

आजी, मी मालवणचा, मासेमारीवाले आम्ही. आमच्या घरात ‘झोप’ म्हणत नाहीत, ‘निज’ म्हणतात. ‘निज गो बाय’, ‘निज रे बाबू’. त्यात ‘रे’ आणि ‘गो’ असतो ना, तिथेच अर्धं काम होतं. नुसतं ‘निज!’ म्हटलं तर पोर उठून बसेल.

आमची आई पोरीला झोपवताना सगळ्यांची नावं घेते. कोंबडी निजली, गाय निजली, माड निजलो, होडी निजली, आता बाय निजतली. यात आमच्याकडे घोटाळा झाला. पोरगी म्हणाली, होडी निजली तर बाबा खंय? मी तेव्हा दर्यात होतो. आईने होडीला झोपवलं म्हणजे बाबाला बुडवला असं तिच्या डोक्यात बसलं की काय देव जाणे, रात्रभर रडली. तेव्हापासून आई म्हणते, ‘होडी गेली दर्यात, सकाळी बांगडे घेऊन येतली.’ मग पोरगी निजते. जून-जुलैत बंदी असते तेव्हा मी घरीच असतो, तेव्हा मात्र होडीलाही झोपवायची परवानगी आहे.

वेंगुर्ल्याची_आजी

रापणकर, डोळ्यांत पाणी आणलंत. मी ही यादी विसरलेच होते, माझ्या सासूबाई घेत असत.

काल मी पोराला विचारलं, ‘झोपायचं ना बाळा?’ तो म्हणाला, ‘नो.’ विचारलं, ‘मग जोजो करायची?’ ‘नो.’ ‘आजीच्या कुशीत यायचं?’ ‘नो.’ आणि लगेच कुशीत येऊन बसला. याला काय म्हणायचं?

वाणी_चिपळूण

याला दोन वर्षांचा मुलगा म्हणायचं. 😄

त्याने तुमच्या प्रश्नाला उत्तर दिलं, आजी, झोपेला नाही. ‘झोपायचं ना?’ म्हणताना आपला सूर शेवटी वर जातो. या वयात वर गेलेल्या सुराला ‘नाही’ म्हणणं हा खेळ असतो. जिथे खरोखर विचारायचं नाही तिथे विचारू नका. ‘चल, जोजो करूया’ म्हणा. आपल्या भाषेत या ‘-ऊया’ने फार सोय केलीय, हुकूम होत नाही आणि प्रश्नही राहत नाही. त्याला काहीतरी ठरवू द्यायचं असेल तर जे खरंच त्याच्या हातात आहे ते द्या. ‘कुठली गोधडी, निळी की फुलांची?’ दोनच. तिसरी दाखवलीत तर नऊ वाजतील.

‘झोप’ हा शब्द वापरायचाच असेल तर मागे ‘हं’ लावा. ‘झोप’ आणि ‘झोप हं’ यात केवढा फरक आहे ते मोठ्याने म्हणून बघा. तुमच्या मालवणीत ‘निज हां बाबू’. रापणकर म्हणतात ते हेच.

सुराबद्दल एक सांगते. दिवसा खेळताना आपण मुलांशी आवाज चढवून, नाचवून बोलतो. ‘कोण आलंऽऽ? काऊ आलाऽऽ!’ ते लक्ष वेधायला असतं. वेगवेगळ्या भाषांतल्या आयांचे आवाज रेकॉर्ड करून पाहिले तेव्हा असंच दिसलं, की बोलवायला सूर वर चढतो आणि शांत करायला तो खाली, सावकाश, लांब उतरतो. घरोघरी गडबड होते ती इथे. रात्री साडेआठलाही आजी-आजोबा दुपारच्याच सुरात ‘आता कोण बरं जोजो करणारऽऽ?’ म्हणतात आणि पोर टाळ्या पिटत उठतं. शब्द झोपेचे असतात, सूर जत्रेचा. मूल सूर ऐकतं.

जोजो की निज, हा प्रश्न राहिला. तुमच्या तोंडी जो सहज येतो तो. आई इंग्रजीत म्हणते, आजी मालवणीत, याने मूल गोंधळत नाही की मागे पडत नाही. फक्त तुम्ही स्वतः रोज बदलू नका.

गजालीकार

वाणीताई, पुस्तकातलं ठीक आहे. आमच्या पिढीला घरच्या भुतांच्या गोष्टी सांगून झोपवलं, आम्ही काही बिघडलो नाही. माडात कोण बसलंय ते आजी सांगायची, पोर पाच मिनिटांत गोधडीत तोंड खुपसून गप्प. सगळ्यात जलद उपाय तो.

राजापूरची_गंगा

गप्प व्हायची हो, झोपायची कुठे? मी त्याच पिढीतली आहे. गोधडीत तोंड घालून पहाटेपर्यंत जागी असायचे, लघवीला उठायची हिंमत नाही. सकाळी अंथरूण ओलं, आणि त्याबद्दल वेगळा मार. आजी, सुनेचं ऐका.

गजालीकार

ते तुमचं घर झालं. आमच्याकडे सगळे घोरत असत. आणि गजाली ऐकायची मजा वेगळीच, ती आजच्या मुलांना कुठून कळणार?

वाणी_चिपळूण

गजाली मोठ्या मुलांसाठी राहू द्या, सातव्या-आठव्या वर्षी ती मजा आहेच. दोन-तीन वर्षांच्या मुलाला गोष्टीतलं आणि खोलीतलं वेगळं करता येत नाही, माडातला त्याला माडात खराच बसलेला असतो. घाबरलेलं मूल गप्प होतं हे खरं. पण अंधारात एकटं राहायचं म्हटलं की रडतं, ते नंतर, म्हणजे आजी निजल्यावर. घरच्यांना दोन्हींचा संबंध लागत नाही.

टोरांटोची_सून

आईंचा धागा मला आज सापडला, म्हणून लॉगिन केलं. तो कागद माझा आहे, भाषांतर माझं नाही, हे नोंदवून ठेवते.

माझा प्रश्न ‘गुड बॉय’चा. आमच्या डे-केअरमध्ये सांगतात की ‘गुड बॉय’ म्हणू नका, काय केलं ते सांगा. घरी मी तरीही म्हणते, सवय झालीय. आई ‘शहाणं गं बाळ माझं ते’ म्हणतात तेव्हा ऐकायला इतकं गोड वाटतं, पण तेही ‘गुड बॉय’च झालं ना? मुलाला ‘तो’ सोडून ‘ते’ का म्हणतात हेही मला कधी कळलं नाही, मी शाळा इंग्रजीत केली.

राजापूरची_गंगा

‘ते’ म्हणजे बाळ. बाळ नपुंसकलिंगी, मग शहाणं, गुणाचं, लबाड ते, सगळं ‘ते’. मुलगा असो की मुलगी. मालवणीत तर ‘चेडू’पण ‘तां’. आमच्या आजीने माझ्या भावाला सातवीपर्यंत ‘ते’ म्हटलं, मग त्याने बंड केलं.

वाणी_चिपळूण

सूनबाई, डे-केअर सांगतं त्याला आधार आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन आईवडील कसं कौतुक करतात ते नोंदवलं आणि त्याच मुलांना काही वर्षांनी, सात-आठ वर्षांची झाल्यावर भेटले, असा एक अभ्यास २०१३ साली छापून आला. ज्यांच्या घरी ‘तू केलंस ते’ सांगून कौतुक व्हायचं, ती मुलं पुढे अवघड कामाला जास्त तयार होती. पण ‘तू शहाणा’ म्हटल्याने पोरं वाया गेली असं काही त्यात निघालं नव्हतं, हेही लक्षात घ्या. लोक तेवढंच विसरतात.

माझं मत सांगते. ‘शहाणं ते’ काढू नका, त्याच्या आधी एक वाक्य घाला. ‘उशी स्वतः आणलीस! शहाणं ते.’ ‘माऊला हळूच हात लावलास. गुणाचं ते.’ मुलाला कळतं की कौतुक कशाचं झालं. तुमच्या कागदावरचं ‘सौम्य हात’ही यातच बसतं. आपण त्याला ‘हळूऽऽच हं’ म्हणतो आणि त्याचा हात धरून मांजराच्या पाठीवरून फिरवतो. हात धरल्याशिवाय नुसत्या शब्दाने ते शिकत नाही, इंग्रजीतही नाही.

झोपेच्या बाबतीत एक जपा. ‘झोपलास तर शहाणा’ असं करू नका. झोप येणं त्याच्या हातात नाही. उशी आणणं, आडवं होणं, डोळे मिटून बघणं हे हातात आहे, त्याचं कौतुक करा.

शुद्धलेखक

‘शहाणा’ हा शब्द मोठेपणी टोमणा होतो, ‘फार शहाणा आहेस!’ त्याचा विचार कोणी केलाय का?

राजापूरची_गंगा

केलाय. तुमच्यासाठीच राखून ठेवलाय. 😉

वेंगुर्ल्याची_आजी

आता काय चाललंय ते लिहिते, कारण बऱ्याच जणांनी व्यनिमध्ये विचारलं.

साडेसातला त्याला मऊभात, वर तूप आणि मीठ. त्यानंतर पूर्वी टीव्हीवर गाड्या लागायच्या, तो टीव्ही आता जेवणाआधीच बंद होतो. जेवण झालं की ताट आत ठेवताना मी म्हणते, ‘मंमं संपलं!’ आणि दोन्ही तळवे उलटे करून दाखवते. तो ‘ऑल डन’ म्हणतो आणि तसेच तळवे दाखवतो. दोन भाषा, हात एकच, आमचं जमलं.

मग दात. मग खळ्यात जाऊन सगळ्यांना टाटा. इथे मी रापणकरांच्या आईची यादी घेते. कोंबडी निजली, काऊ निजलो, पलीकडच्यांची गाय निजली. आमच्याकडे एक अडचण आली ती अशी की पाऊस सुरू झालाय आणि विहिरीपाशी बेडूक ओरडतायत. मी म्हटलं ‘बेडूक निजलो’ आणि पलीकडून ‘डरांव’. पोर माझ्याकडे बघून म्हणालं, ‘नो निज!’ खोटं पकडलं. आता बेडकाला आम्ही यादीत घेत नाही. ‘बेडूक गातोय, त्याका गांवदे’ म्हणून आत येतो.

आत आल्यावर दिवा मंद. गोधडी तो निवडतो. मी आवाज खाली आणते. हे मला अवघड गेलं, माझा आवाज मुळात खळ्यातून रस्त्यापर्यंत जाणारा. ‘निज हां बाबू, निज’ एवढंच, हळू, पाठीवर थोपटत. काही बोलला तर उत्तर देते, पण तेच. ‘वॉटर’ म्हणाला तर पाणी देते एक घोट आणि पुन्हा ‘निज हां बाबू’. नवीन गोष्ट काढत नाही. पूर्वी मी त्याचं मन रमवायला काहीबाही बोलत बसायचे, त्याने तो आणखी ताजा व्हायचा.

लाइट गेली की मात्र सगळं फिसकटतं. इमर्जन्सी लॅम्प पांढराफटक आहे, तो बघून त्याला वाटतं सकाळ झाली. परवा लाइट गेली तेव्हा देवघरातली समई लावून ठेवली, ते बरं चाललं, पण मी समई असताना डोळा लावत नाही.

अडचण एवढीच राहिलीय, की हे सगळं करूनसुद्धा काही दिवशी तो नऊ-साडेनऊपर्यंत टक्क जागा असतो. रडत नाही, हट्ट नाही. पडल्या पडल्या छताकडे बघून ‘काऊ निज, गाय निज, मम्मा मिटिंग’ अशी स्वतःचीच यादी म्हणत असतो. शब्दांत काही चुकतंय का?

वाणी_चिपळूण

‘मम्मा मिटिंग’!

शब्दांत काही चुकत नाहीये, आजी. शब्दांनी झोप येत नाही, आलेल्या झोपेला वाट करून देता येते. दुपारी किती वाजता उठतो?

वेंगुर्ल्याची_आजी

दोनला झोपतो. पावसाची झोप ती, पाच वाजतात. कधी सव्वापाच.

वाणी_चिपळूण

मग मिळालं उत्तर. या वयाला दिवसरात्र मिळून अकरा ते चौदा तास झोप लागते. त्यातले तीन त्याने दुपारीच घेतले आणि पाचला उठला, तर आठला त्याच्या अंगात झोप जमलेलीच नसते. तुम्ही कितीही गोड बोलला तरी तो पडून यादीच म्हणणार. दुपारी एकला झोपवा, तीन-साडेतीनला उठवा. एकदम ओढून उठवू नका, खिडकी उघडा, भांडी वाजू द्या. चार-पाच दिवस चिडचिड करेल. तेवढं सोसलं तर रात्रीचं आपोआप अलीकडे येईल. तरीही नाही आलं तर सांगा, काही मुलांना मुळातच कमी झोप पुरते आणि तुमचा त्यातला असू शकतो.

वेंगुर्ल्याची_आजी

उठवीन. पण दोन ते पाच माझीही झोप असते हो, त्याचं काय?

टोरांटोची_सून

आई, दुपारी तीनला मी मोकळी असते. त्याला मी उठवेन, तुम्ही झोपा.

पावसाळी_बेडूक

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचं कोणीच सांगितलं नाही. आणि नावावरून आठवलं, ते बेडकाचं वाक्य मी मनाला लावून घेतलंय.

वाणी_चिपळूण

नऊ वर्षांच्याला वेगळा धागा काढा. त्याच्याशी ‘जोजो’ बोलून भागणार नाही, मोबाइल रात्री कोणाच्या खोलीत चार्जिंगला असतो तिथून सुरुवात करावी लागेल.